साक्षीचा मजकूर आणि शाबितीची जबाबदारी

संघ लोकसेवा आयोगाच्या २०२२ सालच्या नागरी सेवा परीक्षेतून एकंदर ९३३ उमेदवारांची शिफारस झाली आणि तो निकाल जाहीर झाल्यानंतर दिल्लीतील एका नामांकित शिकवणी-संस्थेने आपल्या जाहिरातीत असा दावा केला की, या निवडींपैकी दोनशेहून अधिक निवडी आमच्या विद्यार्थ्यांच्या आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या दाव्याचा आधार मागितला, तेव्हा संस्थेकडून १७१ उमेदवारांचाच तपशील हजर झाला. आणि त्या १७१ जणांची फोड करून पाहता असे निष्पन्न झाले की, १०२ उमेदवारांनी केवळ मुलाखतीच्या मोफत मार्गदर्शनासाठी नाव नोंदविले होते, ५५ जण मोफत सराव-चाचण्यांपुरते संस्थेशी जोडलेले होते, ५ जण राज्य सरकारांशी झालेल्या करारान्वये मोफत शिकले होते, आणि सामान्य अध्ययनाच्या ज्या वर्गासाठी घरचे लोक कर्ज काढून मुलांना राजधानीत धाडतात त्या वर्गात बसलेले यशस्वी उमेदवार अवघे ९ होते. प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये या संस्थेस ३ लाख रुपयांचा दंड केला.

समाधानी ग्राहकाची साक्ष जाहिरातीत कशी वापरावी आणि दाव्यांविषयीच्या नियमांची मर्यादा कोठे लागते, या संपूर्ण प्रश्नाचा आढावा घेण्यास या प्रकरणाइतके सोयीचे दुसरे प्रकरण मला दिसत नाही. कारण येथे दोनशे हा आकडा वगळला तर उघड खोटे असे फारसे काही सापडत नाही. ते १७१ उमेदवार खरोखर उत्तीर्ण झाले होते आणि संस्थेशी त्यांचा काही ना काही संबंधही खरोखर आलेला होता. दोष होता तो वाचकाच्या मनात जे अनुमान उभे राहावे अशी त्या जाहिरातीची रचना होती त्या अनुमानात. आणि नियमांचा रोख साक्षीच्या शब्दांवर जितका असतो त्याहून अधिक या अनुमानावर असतो, ही गोष्ट जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अजून पुरतेपणी आलेली नाही.

जाहिरातदारांमध्ये एक समजूत फार दृढ आहे. ती अशी की, आपण स्वतः बढाई मारली तर ती आपल्या अंगावर येईल, पण तीच गोष्ट ग्राहकाच्या तोंडून वदवली आणि अवतरणचिन्हांत घातली, तर ते त्याचे वैयक्तिक मत ठरते आणि आपली जबाबदारी संपते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने या समजुतीला जागाच ठेवलेली नाही. या अधिनियमात शिफारशीची जी व्याख्या आहे तीत तोंडी विधान, प्रात्यक्षिक, व्यक्तीचे नाव, स्वाक्षरी, प्रतिमा किंवा तिची ओळख पटविणारे अन्य कोणतेही लक्षण यांचा समावेश होतो, आणि कसोटी एवढीच की, ते पाहून ग्राहकाला हे त्या व्यक्तीचे मत, निष्कर्ष वा अनुभव आहे असे वाटावे. म्हणजे एक शब्दही न लिहिता नुसते छायाचित्र छापले, तरी ती शिफारसच होते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याही तितकीच व्यापक आहे: वस्तूचे वा सेवेचे खोटे वर्णन करणारी जाहिरात तर तीत येतेच, शिवाय खोटी हमी देणारी, गुणवत्तेविषयी गैरसमज होण्याजोगी, आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणारी जाहिरातही येते. वर सांगितलेल्या प्रकरणात शेवटचे अंग लागू पडले. कोणत्या उमेदवाराने कोणता वर्ग घेतला होता ही माहिती दडविलेली होती.

यावरून निघणारा सिद्धान्त सरळ आहे. ग्राहकाचे वाक्य जाहिरातीत छापले गेले की त्या क्षणापासून ते जाहिरातदाराचे विधान होते आणि ते शाबीत करण्याची जबाबदारी जाहिरातदारावर येते. ‘या तेलाने माझी गुडघेदुखी आठ दिवसांत गेली’ असे एखाद्या गृहस्थाने प्रामाणिकपणे लिहून दिले असेल, पण ते छापताच ‘हे तेल आठ दिवसांत गुडघेदुखी घालविते’ असे विक्रेत्यानेच म्हटल्यासारखे होते. आणि मग त्या गृहस्थाचे पत्र दप्तरी आहे एवढ्याने भागत नाही, त्या तेलाने तसे घडते याचा स्वतंत्र पुरावा लागतो. पत्र हा गृहस्थ खरोखर अस्तित्वात असल्याचा आणि त्याने तसे म्हटल्याचा पुरावा आहे. तेलाच्या गुणाचा तो पुरावा नव्हे. या दोन पुराव्यांची गल्लत हेच या विषयातील बहुतेक अपराधांचे मूळ आहे.

मुलाखतीच्या मोफत वर्गाचा प्रकार या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. नागरी सेवा परीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. पूर्वपरीक्षेत लाखो उमेदवार गळतात. मुख्य परीक्षा १७५० गुणांची असते. आणि शेवटची मुलाखत २७५ गुणांची. अंतिम यादी मुख्य परीक्षा आणि मुलाखत मिळून २०२५ गुणांवर लागते. जो उमेदवार मुलाखतीच्या उंबरठ्यावर येतो त्याने चाळणीचा सर्वांत कठीण भाग आधीच ओलांडलेला असतो. २०२२ च्या परीक्षेत मुलाखतीसाठी सुमारे अडीच हजार उमेदवार पात्र ठरले आणि त्यांतून ९३३ निवडले गेले, म्हणजे मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या दर शंभर उमेदवारांमागे साधारणतः सदतीस उमेदवारांची निवड होणारच होती. आता एखाद्या संस्थेने अशा शंभर उमेदवारांना मोफत बोलावून त्यांच्याशी घटकाभर सराव-संभाषण केले, त्यांचे छायाचित्र घेतले आणि निकालाची वाट पाहिली, तर तिने त्यांना काहीही शिकविले नसले तरीही तिच्या भिंतीवर सदतीस यशस्वी मुखे झळकतील. ही मुखे तिच्या अध्यापनाचे फळ म्हणून दाखविणे आणि तीही पूर्वपरीक्षेचा अभ्यास अजून सुरूच न केलेल्या मुलाला दाखविणे, यात साक्षीदार खरा असूनही साक्ष खोटी होते. मोफत वर्ग चालविणे यात गैर काही नाही, कित्येक उमेदवारांना त्याचा उपयोगही होत असेल. परंतु त्या वर्गाचे श्रेय दुसऱ्याच, फी घेऊन चालणाऱ्या वर्गाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

याच प्रकारच्या अनेक प्रकरणांचा अनुभव घेतल्यावर प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणी-क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना ती लागू आहेत; क्रीडा, नृत्य, नाट्य अशा विषयांचे वर्ग त्यांतून वगळले आहेत. लहान वर्गांनी मात्र यावरून आपण मोकळे झालो असे समजू नये, कारण मूळ अधिनियम आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची प्राधिकरणाची २०२२ ची सर्वसाधारण तत्त्वे त्यांनाही बांधून आहेतच. नव्या तत्त्वांतील दोन तरतुदी साक्षीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. यशस्वी उमेदवाराच्या छायाचित्रासोबत त्याचे नाव, क्रमांक, त्याने घेतलेला अभ्यासक्रम, त्या अभ्यासक्रमाची मुदत आणि त्यासाठी फी भरली होती की तो मोफत होता, हे सांगितले पाहिजे, ही पहिली. दुसरी अशी की, उमेदवाराचे नाव, छायाचित्र वा अभिप्राय वापरण्यास त्याची लेखी संमती हवी आणि ती संमती त्याच्या निवडीनंतर घेतलेली असावी.

या दुसऱ्या तरतुदीमागील विचार मला विशेष समंजस वाटतो. प्रवेशाच्या वेळी मुलापुढे जो छापील अर्ज ठेवला जातो त्याच्या तळाशी, ‘भविष्यात माझे नाव व छायाचित्र प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी हरकत नाही’ असे एक वाक्य घालून ठेवण्याची प्रथा सर्रास होती. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत मराठवाड्यातून, विदर्भातून ट्रंक घेऊन उतरलेला मुलगा त्या क्षणी कशालाही हरकत घेण्याच्या स्थितीत नसतो. त्याला जागा हवी असते. आणि मुख्य म्हणजे त्या वेळी त्याला वर्गाचा अनुभवच आलेला नसतो, मग तो कशाची साक्ष देणार? अनुभवापूर्वी घेतलेल्या संमतीला साक्षीचे मोल देता येत नाही.

आता जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याने प्रत्यक्षात काय करावे, हे एका कल्पित पण संभवनीय उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यात राज्यसेवा परीक्षेचा एक वर्ग आहे. मुख्य परीक्षेच्या पूर्ण अभ्यासक्रमास त्या वर्षी २४० विद्यार्थी होते आणि त्यांतील ११ जणांची अंतिम निवड झाली. त्याच संस्थेने मुलाखतीचा मोफत सराव ठेवला, त्यास ६० उमेदवार आले आणि त्यांतील १९ निवडले गेले. संस्थेचा चालक मजकूर लिहिणाऱ्याला सांगतो, ‘आमचे तीस अधिकारी, असे मोठ्या अक्षरांत टाका.’ या ठिकाणी लिहिणाऱ्याने पहिल्याप्रथम नावांची यादी मागितली पाहिजे. यादी जुळवून पाहता कळते की, मुलाखतीच्या सरावास आलेल्या त्या १९ जणांपैकी ४ जण पूर्ण अभ्यासक्रमातीलच होते, म्हणजे ते दोनदा मोजले गेले. व्यक्ती मोजल्या तर त्या २६ भरतात. तीस हा आकडा अशा रीतीने पहिल्याच तपासणीत गळून पडतो. पण सव्वीस हाही छापण्याजोगा आकडा नव्हे, कारण तो दोन भिन्न सेवांची बेरीज आहे आणि जाहिरात तर पूर्ण अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आहे. प्रामाणिक मजकूर असा होईल: ‘मुख्य परीक्षा पूर्ण अभ्यासक्रम, फी भरून प्रवेश: २४० विद्यार्थी, अंतिम निवड ११. मुलाखत सराव, मोफत: ६० उमेदवार, अंतिम निवड १९, यांपैकी ४ जण पूर्ण अभ्यासक्रमातीलही.’

चालक म्हणेल की, २४० हा छेद छापला तर अकराचे तेज जाते. ही तक्रार खरी आहे आणि तिला बगल देण्यात अर्थ नाही. कायदा प्रत्येक जाहिरातीत छेद छापलाच पाहिजे असे म्हणत नाही. परंतु छेद न छापता अकरा मुखे ओळीने मांडली, की येथे येणारा बहुधा यशस्वी होतो असे अनुमान वाचक करतो, आणि ते अनुमान खोटे आहे हे चालकाला त्याच्या हजेरीपटावरून ठाऊक असते. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लावला आहे. तेथे एके काळी असामान्य यशाची साक्ष छापून तिच्याखाली ‘असा परिणाम सर्वांनाच मिळतो असे नाही’ एवढी ओळ घातली की निभावून जात असे. २००९ साली आयोगाने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांची सुधारणा करून हा आडोसा काढून घेतला आणि असे ठरविले की, ज्या परिणामाची साक्ष छापली तो सर्वसाधारण नसेल, तर सर्वसाधारणतः काय मिळते ते स्पष्टपणे सांगावे. आपल्याकडील नियमांचे शब्द वेगळे आहेत, परंतु महत्त्वाची माहिती दडविण्याविरुद्धचे कलम वाचले की निष्कर्ष त्याच दिशेने जातो. अकरा जणांच्या यशापेक्षा उत्तरपत्रिका किती दिवसांत तपासून मिळतात, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी बसतात, या गोष्टी अधिक आकर्षक असतील, तर जाहिरात त्यांच्यावर उभी करावी. आणि मला वाटते, खऱ्या विद्यार्थ्याला निर्णय घेण्यास त्यांचाच अधिक उपयोग आहे.

हा विचार साक्षीच्या मजकुराकडे आपोआप नेतो. समजा, त्या अकरांपैकी एका विद्यार्थिनीने संस्थेला कृतज्ञतेने असे पत्र लिहिले: ‘या वर्गामुळेच मी पहिल्या प्रयत्नात यशस्वी झाले. दर आठवड्याला लिहिलेल्या निबंधावर सर समासात सविस्तर शेरे लिहीत आणि पुढच्या निबंधात ते सुधारले की नाही हे पाहत, त्याचा मला फार उपयोग झाला. इतिहासाच्या टिपणांत काही उणिवा होत्या, त्या मी स्वतः भरून काढल्या. येथे मनापासून शिकणारा नापास होणारच नाही.’ पत्र प्रामाणिक आहे आणि तिच्या भावनांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी त्यातील प्रत्येक वाक्याचा दर्जा निरनिराळा आहे. ‘पहिल्या प्रयत्नात’ ही वस्तुस्थिती आहे आणि आयोगाच्या नोंदीवरून ती पडताळून पाहावी लागेल. ‘या वर्गामुळेच’ हे कार्यकारणाचे विधान आहे; ते तिचे मत म्हणून खरे असले तरी छापल्यावर संस्थेचा दावा होते आणि तो सिद्ध करण्याचे साधन संस्थेजवळ नाही. शेवटचे वाक्य ही हमी आहे, आणि २४० पैकी २२९ जणांची निवड झालेली नसताना ती हमी छापणे म्हणजे खोटी हमी देणे होय. दुसरे वाक्य मात्र निव्वळ अनुभवाचे आहे: तिने काय पाहिले, तिच्या बाबतीत काय घडले, कशाचा उपयोग झाला. जाहिरातीला लागणारे बळ या वाक्यात आहे. वाचकाला त्यातून वर्गाचे चित्र दिसते आणि ते पडताळूनही पाहता येते, कारण शेरे लिहिलेल्या वह्या अस्तित्वात असतात.

राहिले तिसरे वाक्य. चालक ते गाळावयास सांगेल हे उघड आहे. साक्षीचा संक्षेप करण्यास मनाई नाही, पण संक्षेपाने अर्थ बदलता कामा नये, आणि येथे नेमके तारतम्य लागते. जाहिरात जर केवळ निबंधवर्गाची असेल, तर इतिहासाच्या टिपणांचा उल्लेख गाळल्याने निबंधवर्गाविषयीचे तिचे मत बदलत नाही. जाहिरात संपूर्ण अभ्यासक्रमाची असेल आणि टिपणे हे त्या अभ्यासक्रमाचे एक आकर्षण म्हणून गाजविलेले असेल, तर तिची हरकत गाळून तिची स्तुती तेवढी ठेवणे म्हणजे तिच्या तोंडी एक नवेच मत घालणे होय. २०२२ च्या तत्त्वांप्रमाणे शिफारस ही ती करणाऱ्याचे खरे आणि वाजवीपणे ताजे मत असली पाहिजे आणि पुरेशा माहितीवर वा अनुभवावर आधारलेली असली पाहिजे. ‘खरे मत’ या अटीचा अर्थ येथे कळतो. माझ्या मते सर्वांत निर्वेध मार्ग असा की, संक्षेप केलेला मजकूर जसाच्या तसा, ज्या जाहिरातीत तो जाणार आहे तिच्या कच्च्या नमुन्यासह, त्या विद्यार्थिनीला दाखवावा आणि त्या नमुन्यावरच तारीख घालून तिची संमती घ्यावी. मूळ पत्र, तिची फीची पावती, अभ्यासक्रमाची मुदत, निकालाची नोंद आणि ही संमती असे सर्व कागद एका फायलीत ठेवावेत. प्राधिकरणाची नोटीस आल्यावर कागद गोळा करू म्हणणाऱ्यांची काय अवस्था होते, हे दोनशेच्या जागी १७१ नावे हजर करणाऱ्या त्या संस्थेने दाखवून दिलेच आहे.

तळटीपांविषयी थोडेसे लिहिणे अवश्य आहे, कारण जाहिरातदारांची शेवटची आशा तिथेच असते. मोठ्या अक्षरांत दावा करावा आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तो मागे घ्यावा, ही रीत २०२२ च्या तत्त्वांनी बंद केली आहे. तळटीप दाव्याचा खुलासा करू शकते, त्याची मर्यादा सांगू शकते. परंतु दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्याचे काम तिच्याकडून करवून घेता येत नाही, आणि दाव्याला विरोध करणारी तळटीप त्या दाव्याला वाचवत नाही. ती ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत असावी लागते. मराठी वर्तमानपत्रात मराठी जाहिरात, मराठी स्तुती, आणि मर्यादा तेवढी इंग्रजीत, असे नमुने आजही दिसतात. ते नियमाविरुद्ध तर आहेतच, शिवाय ज्या पालकाला इंग्रजी वाचता येत नाही नेमका त्यालाच अंधारात ठेवणारे आहेत. अक्षरांचा आकारही दाव्याच्या अक्षरांशी समान असावयास हवा. आमच्या उदाहरणातील ‘मुलाखत सराव, मोफत’ हे शब्द उमेदवाराच्या नावाखाली, क्रमांकाच्या शेजारी आणि त्याच आकारात आले पाहिजेत.

पैशाचा किंवा नात्याचा संबंध असेल तर तो उघड करणे हे याच न्यायाचे दुसरे रूप आहे. साक्ष देणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेने बक्षीस दिले असेल, फी परत केली असेल, किंवा तो आता तेथेच शिकवीत असेल, तर वाचकाच्या दृष्टीने त्याच्या शब्दांचे वजन बदलते. आणि ज्याने वजन बदलते ते सांगितले पाहिजे. जाहिरात मानक परिषद ही १९८५ साली स्थापन झालेली जाहिरात-व्यवसायाची स्वनियामक संस्था आहे; तिने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी हेच बंधन घातले आणि २०२२ च्या तत्त्वांनी त्यास कायद्याचे पाठबळ दिले. अधिनियमाप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंतची, शिफारसबंदी येऊ शकते. मात्र दावा पडताळून पाहण्याची योग्य ती खबरदारी ज्या शिफारस करणाऱ्याने घेतली होती त्याला दंडापासून संरक्षण आहे.

महाजालावरील ताऱ्यांच्या अभिप्रायांचा प्रश्न वरकरणी नवा वाटतो. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध करून असे अभिप्राय गोळा कसे करावेत, लिहिणाऱ्याची ओळख कशी पडताळावी आणि ते निवडून काढून न टाकता प्रसिद्ध कसे करावेत, याची पद्धत घालून दिली. ते ऐच्छिक स्वरूपात आले. परंतु २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनीच विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केलेली आहे. मजकूर लिहिणाऱ्यापुढील अडचण बहुधा यापेक्षा सूक्ष्म असते. खरे अभिप्राय शंभर आहेत, त्यांतील सत्तर चांगले आहेत, आणि जाहिरातीत जागा तिघांची आहे. तीन चांगले निवडण्यास हरकत नाही. पण त्यांच्यावर ‘आमचे विद्यार्थी म्हणतात’ असे सरसकट शीर्षक घातले की ते तिघे शंभरांचे प्रतिनिधी होतात. सरासरीचा आकडा छापावयाचा असेल तर तो कोणत्या ठिकाणचा, किती अभिप्रायांवरचा आणि कोणत्या तारखेचा, हे सोबत यावे. आणि समाधानी विद्यार्थ्यांनाच तेवढे अभिप्राय लिहिण्यास सांगून, तक्रार करणाऱ्यांना कार्यालयात बोलावून घेण्याची जी युक्ती चालते, तिने मिळविलेली सरासरी छापूच नये.

काही क्षेत्रांत मात्र साक्षीचा प्रश्न निराळाच आहे, कारण तेथे खरी साक्षही चालत नाही. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांसंबंधीचा आक्षेपार्ह जाहिरात-अधिनियम आपल्या परिशिष्टातील व्याधींवर, ज्यांत मधुमेह आणि कर्करोग आहेत, औषधाने उपचार होत असल्याची जाहिरात करण्यासच बंदी करतो. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात या अधिनियमाचा काही भाग रद्द केला, तरी अशा जाहिराती भाषणस्वातंत्र्याच्या संरक्षणाखाली येत नाहीत असेच म्हटले. मधुमेहाच्या एखाद्या रोग्याने ‘या काढ्याने माझी साखर उतरली’ असे स्वखुशीने लिहून दिले आणि त्याच्या तपासणीचे कागदही खरे असले, तरी ते पत्र औषधाच्या जाहिरातीत छापता येत नाही. यामागील कारण वाचकाच्या असहायतेत आहे. रोगाने गांजलेला माणूस साक्षीला पुराव्याहून अधिक मान देतो, आणि बरे झालेला लिहितो, न झालेला लिहीत नाही, ही निवड औषधाच्या बाबतीत प्राणावर बेतू शकते. शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत जी चूक फीच्या रकमेपुरती राहते, ती येथे उपचारांना झालेल्या उशिराच्या रूपाने भोगावी लागते.

साक्षीला मुदत असते, हा मुद्दा सहसा कोणी लक्षात घेत नाही. आमच्या उदाहरणातील विद्यार्थिनीने समासातील ज्या शेऱ्यांची प्रशंसा केली, ते शेरे लिहिणारे शिक्षक दुसऱ्या वर्षी संस्था सोडून गेले, किंवा परीक्षेचा नमुना बदलून निबंधाचे स्वरूपच पालटले, तर तिचे वाक्य खोटे होत नाही, पण आज विकल्या जाणाऱ्या वर्गाचे ते वर्णन उरत नाही. वाजवीपणे ताजे मत या अटीचा अर्थ हाच आहे. म्हणून प्रत्येक साक्षीच्या फायलीवर ती कोणत्या अभ्यासक्रमाविषयी, कोणत्या शिक्षकाविषयी आणि कोणत्या वर्षाविषयी आहे हे लिहून ठेवावे, नवा प्रवेशहंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक फाईल उघडून पाहावी, आणि वर्णन आता लागू पडत नसेल तर ते पत्रकावरून, भिंतीवरून आणि पडद्यावरून एकाच वेळी उतरवावे. पत्रकावरून काढलेला मजकूर स्थानकाजवळच्या फलकावर वर्षभर तसाच राहिलेला आढळतो, आणि तक्रार करणाऱ्या पालकाच्या हाती बहुधा त्या फलकाचेच छायाचित्र असते.